तिच्या सासूच्या नावाचा मसाला

काळा मसाला भाजायला घेतला की आमची सगळी आळी खोकती. त्याला विलाज न्हाय. मिरची कढईत पडली की ठसका उठतोच, मग शेजारची म्हातारी बाहीर येऊन आधी शिव्या घालती आन मग आपणच पदर नाकाला लावून परतायला बसती. मी त्या दिवशी लेकीला सकाळीच विहाराच्या पलीकडं जावंकडं ठेवून येते. दीड वर्साची हाय, मिरचीचा धूर तिला सोसत न्हाय. आन तितं रडली तर हितं माझा हात थांबतो, आन हात थांबला की तीळ जळतो. तीळ जळला की सगळा घाणा, म्हणजे त्या खेपेचा सगळा मसाला, कडू.

हे सगळं मी माझ्या आईकडनं शिकले. माझं माहेर इंदापूरकडचं. आई कांदा उभा चिरून उन्हात कडक वाळवायची, मग तेलात पार काळपट होईस्तवर तळायची. हिकडं सासरी बायका तांबूस झाला की काढत्यात. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पयल्या वर्सी म्हणल्या, "जाळतीस व्हय गं सगळं?" आन मग आमटी खाऊन गप बसल्या. पुढल्या वर्सी त्याच म्हणल्या, तुझ्या आईसारखा कर.

मी नववीपर्यंत शिकले. तितंच शाळेत माझी एक मैत्रीण हुती, एका बाकावरची. ती मोठ्या बागायतदाराची, आमी बौद्ध. पण पोरीपोरींत कोण बघतं? शाळेच्या मागं लिंबाखाली बसून ती माझा डबा खायाची आन मी तिचा. तिचा डबा चांगला असायचा, पुरी बिरी, पण ती माझ्या भाकरीवरचं कालवण बोटानं पुसून खायाची. ही गोष्ट मी आदीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्याचा मला राग येतो तो हितूनच येतो. खायाला तिला कधीच काय वाटलं न्हाय. आजबी वाटत न्हाय.

नशीब असं की दोघी एकाच गावात सासरी आलो. मोरगावपासनं जवळच हाय आमचं गाव. ती वरच्या आळीला, दोन मजली घरात. मी खालच्या आळीला, विहाराच्या मागं. तिचा नवरा पुण्यात कंपनीत, म्हणून ती हडपसरला सोसायटीत राहती. गावात तिची सासू आन थोरला दीर. दिराची दुधाची डेअरी हाय, आन आमचे हे त्याच डेअरीचा टेंपो चालवायचे. हे बी सांगून ठेवते. मला भ्या कशाचं वाटत हुतं ते मग कळंल.

मसाल्याचं तिनंच काढलं. सुट्टीला गावी आली हुती, माझ्याकडं येऊन चुलीपाशी बसली, आमटी भाकरी खाल्ली आन म्हणली, अगं हा मला दे थोडा, पुण्यातला मसाला म्हणजे निस्ता लाल भुसा. मी बरणी भरून दिली. आठ-पंधरा दिवसांत फोन, शेजारणीनं मागितलाय, अजून चौघी मागत्यात. मग सोसायटीच्या बायकांचा ग्रुप, मग तिच्या नणंदेच्या ऑफिसातल्या बायका, मग नणंदेच्या जावा. तिचा नवरा शनिवारी गाडी घेऊन गावी यायचा आन रविवारी डिकीत माझ्या पिशव्या घेऊन जायचा. असंच चालायचं. दुकान न्हाय, पाटी न्हाय, निस्ती ओळख.

आन मला ते लई आवडायचं, खोटं कशाला बोलू. लगीन झाल्यापासनं पयल्यांदा माझं असं काय तरी हुतं. ह्यांनी भावाकडनं जुना वजनकाटा आणला. पिशवीचं तोंड लोखंडी पट्टीवर दुमडून मेणबत्तीवरनं फिरवायचं, की चिकटतं, हे मी फोनवर बघून शिकले. बारामतीला मसाला कुटायच्या डंखावर मी स्वता जायाची, लेकीला काखंत घेऊन एसटीनं, आन माझा घाणा कुटून होईस्तवर तितनं हालायची न्हाय, कारण तितं नजर चुकली की दुसरीचा मसाला आपल्यात येतो. डंखावरनं निघालेला मसाला गरम असतो. तो तसाच पिशवीत भरला की आतून घाम धरतो आन गोळे हुत्यात. मी रातभर चादरीवर पसरून ठेवायची आन सकाळी भरायची. आत्याबाई म्हणायच्या, मसाल्याला जपतीस तेवढी मला जप.

पिशवीवर काय चिटकवायचं न्हाय, असं मैत्रिणीनं सांगितलं हुतं. म्हणली मी हितं लावते, तुला कशाला तरास. मी म्हणलं बरं.

मग संक्रांतीला ती गावी आली तवा हौसेनं पर्समधनं काढून दाखवलं. गोल स्टिकर. सोनेरी कड. मधी तिच्या सासूचा फोटो, नऊवारीत, नथ घातलेली, पाट्यापाशी बसलेली. खाली लिवलेलं, सासूबाईंचा घरगुती काळा मसाला.

मी वाचलं. परत वाचलं. म्हणलं, हे काय गं?

ती म्हणली, "अगं धंद्याला चेहरा लागतो. पुण्यातल्या बायकांना असलं आवडतं, नथ-बिथ."

मला तितंच बोलायचं हुतं. तोंडात आलं हुतं की नथ माझ्या आत्याबाईंकडंबी हाय, बेन्टेक्सची का होईना. पण ह्यांचा टेंपो डोळ्यापुढं आला. पोर मांडीवर झोपली हुती. म्हणलं चालू दे, मसाला तर माझाच जातोय, नाव काय करायचंय. असं मीच मला सांगितलं आन ते खरं न्हाय हे मला तवाबी कळत हुतं. रातभर माझं अंग तापल्यागत झालं. तिच्या सासूनं उभ्या जन्मात माझा मसाला जिभेला लावला न्हाय. त्या घरात आमच्यातलं कायबी चुलीपर्यंत जात न्हाय. आमची पोरं गेली की त्यांना पाणी ओट्यावर. आन तिचा फोटो माझ्या पिशवीवर.

उन्हाळा आला. मसाल्याचे दिवस म्हणजे तेच, चैत्र-वैशाख. मी आन आळीतल्या बायका दिवसभर मिरच्यांचे देठ काढत बसायचो, हात पार पेटायचे, रात्री तेल लावून झोपायचं, आन लेकीला दुसऱ्या कुणी तरी जवळ घ्यायचं कारण माझा हात तिच्या डोळ्याला लागला तर झालं. सगळ्या वर्साचा माल तवाच भरायचा असतो. मैत्रिणीनं आदीच सांगून ठेवलं हुतं की ह्या वर्सी दुप्पट कर, सगळ्या मागत्यात. म्हणून मी दुप्पट मिरची घेतली. घरात पाय ठेवायला जागा न्हाय. सगळं तिच्याच भरवशावर.

आन मग तिचा फोन आला. ग्रुपातल्या सात-आठ जणी मोरगावच्या गणपतीला येणार हायत, रविवारी. दर्शन झालं की त्यांना मसाला कुठं हुतो ते बघायचंय, आन त्याच मसाल्याचं जेवण सासूबाईंच्या हातचं खायाचंय. तू पिशव्या घेऊन आमच्या घरी ये, म्हणली. मागच्या दारानं ये. आन जरा हाताखाली राहा.

मी म्हणलं, मी कोण म्हणून राहू?

 मग म्हणली, "कोण म्हणून म्हणजे काय गं. ये की. नुसतं राहायचंय. माझी लाज राख एवढी."

तिची लाज. मी फोन ठेवला आन कपडे धुतले. असे धुतले की ह्यांच्या सदऱ्याची दोन बटणं तुटली. संध्याकाळी हे आले तर त्यांना सांगितलं. त्यांनी चपला काढल्या, पाय धुतले. मग म्हणले, जा, तासाभराचं काम हाय, डेअरीच्या मालकाच्या घरचं हाय. आत्याबाई कोपऱ्यातनं म्हणल्या, मी त्यांच्या शेतात खुरपायला जायाची तवा बी मागच्या दारानंच जायाची. एवढंच म्हणल्या. मला कळंना की जा म्हणत्यात का नको म्हणत्यात.

गेले. लेकीला घेऊनच गेले, कारण जाऊ माहेरी गेली हुती. पिशव्यांचं पोतं ह्यांनी टेंपोनं मागच्या दाराशी टाकलं आन ते निघून गेले, तितं थांबायचं त्यांच्याच्यानं झालं न्हाय.

मागं पत्र्याचं पडवीगत हाय, तितं चूल. मैत्रिणीची सासू वांगी चिरत बसली हुती. भरली वांगी आन आमटी करायची हुती. तिला काकी म्हणत्यात सगळे, मीबी काकीच म्हणते. मैत्रिणीनं माझी एक पिशवी फोडली, वाटीत मसाला काढला आन तिच्यापुढं ठेवला. काकीनं वाटीकडं बघितलंबी न्हाय. पायानं न्हाय, हातानंच, पण उलट्या हातानं वाटी बाजूला सारली. आन शेल्फावरनं दुकानातली मसाल्याची पुडी काढली, बारामतीच्या बाजारातली, कापली आन ती वांग्यात भरायच्या सारणात घातली, आमटीतबी तीच.

मैत्रीण दबक्या आवाजात म्हणली, आई, त्या तोच खायाला येतायत.

काकी म्हणली, "मग त्यांना पिशवीत द्या की. माझ्या चुलीवर न्हाय चढायचा तो."

हे ती माझ्यापुढं म्हणली. मी दोन हातांच्या अंतरावर उभी, लेक काखंत. माझ्याकडं बघून रागानं म्हणली असती तर बरं झालं असतं. पण भाजीत मीठ जरा कमी घाल म्हणावं, तशी म्हणली. मग मला म्हणली, पोरी, तितली भांडी विसळून घे. मैत्रिणीनं माझ्याकडं बघितलं, तिच्या डोळ्यात पाणी आलं, आन सांगते तुमाला, त्या पाण्याचा मला जास्त राग आला. पाणी काढतीस ना, मग बोल की. ती बोलली न्हाय. माझी वाटी उचलून खिडकीत ठेवली.

बायका आल्या दोन गाड्यांतनं. कपाळाला गुलाल, हातात नारळाच्या पिशव्या. चांगल्या बायका हुत्या, वाईट म्हणणार न्हाय. काकीच्या पाया पडल्या. नथ घाला ना काकू, म्हणल्या, आन काकीनं घातली. पाट्यापाशी बसवून फोटो काढले. त्या पाट्यावर मी कधी कुणाला वाटताना बघितलं न्हाय, त्याच्यावर कुंडी असती, ती त्या दिवशी हलवली हुती. मी मागच्या दाराच्या आडोशाला, पडवीत. बोलणं सगळं ऐकू येत हुतं, फटीतनं दिसतबी हुतं. एकीनं इचारलं, काकू, एवढा मसाला तुम्ही एकट्या कशा करता? काकी म्हणली, हाताखाली बायका असत्यात.

हाताखाली. मी लेकीला एवढं घट्ट धरलं की ती कुरकुरली.

मग पानं वाढली. पयला घास घेतला आन सगळ्या छान छान म्हणल्या. पण त्यातली एक, चष्म्यावाली, वयानं जरा मोठी, ती गप खात हुती. परत थोडी आमटी घेतली. मग म्हणली, रागानं न्हाय, आपलं सहज, "हा तो मसाला नाहीये ना? आमच्याकडं येतो तो नाही हा."

बाकीच्या हसल्या. मग दुसरीनं चाखून बघितलं आन म्हणली, हो गं, ह्यात तो करपल्या कांद्याचा वास नाही. तिसरी म्हणली, हा तर नेहमीचा बाजारातला लागतोय. काकीचं तोंड उतरलं. सात-आठ बायका पुण्यातनं उन्हाच्या आल्या ते त्या एका वासापायी, आन तो वास खिडकीत वाटीत पडून हुता, चुलीपासनं हातभर.

आन मग माझी मैत्रीण बोलली. मी तिथंच उभी हाय हे तिला ठाऊक हुतं. ती म्हणली, "अहो, ह्या वर्षी मिरचीच चांगली नाही मिळाली. नवीन घाणा जरा बिघडलाय. पुढच्या वेळी होईल नीट."

बिघडलाय.

माझा घाणा. दोन महिने आळीतल्या बायकांनी हात पेटवून घेतले तो घाणा. रात रात चादरीवर पसरून राखण केलेला. कुणाच्या तरी चुलीचा विटाळ झाकायला तिनं माझ्या मसाल्याला खोट लावली. नाव घेतलं ते मी दिलं. फोटो लावला तो सोसला. पण तो पोतंभर माल तिथंच हुता, अजून घरात तेवढाच हुता, आन हे बोल ग्रुपात गेले की तो सगळा उकिरड्यावर. भ्या तर वाटत हुतंच, खरं सांगते. ह्यांची नोकरी, पोरीचं दूध, आत्याबाईंच्या गोळ्या, सगळं डोळ्यापुढनं गेलं. आन तरी माझा पाय उंबऱ्याच्या आत गेला. त्या घरात पयल्यांदाच.

मी खिडकीतली वाटी घेतली आन त्या चष्म्यावालीच्या पुढं धरली. म्हणलं, "घाणा बिघडला न्हाय. हा बघा. तुमच्या घरी येतो तो हा. त्यांनी भाजीत घातलाच न्हाय."

तिनं वास घेतला. म्हणली, हाच. मग काकीकडं बघून म्हणली, मग हा का नाही घातला काकू?

 लेकीनं वाटीत हात घालायला बघितला तर मी तिचा हात धरला. मीच म्हणलं, "मी केलाय म्हणून. आमी खालच्या आळीचे. आमच्या हातचं ह्यांच्या चुलीवर चढत न्हाय."

मैत्रीण माझ्या नावानं हाक मारून म्हणली, अगं गप बस. काकी उठून आत गेली, नथ काढत काढत. बायका ताटावर तशाच. एक फोन बघायला लागली. दुसरी म्हणली आपल्याला उशीर होतोय. चष्म्यावालीनं इचारलं, कुठं राहता तुम्ही? म्हणलं चला, दावते.

तिघी आल्या. बाकीच्या गाडीत जाऊन बसल्या, काच वर करून. आळीत बायका दारात उभ्या राहिल्या. घरात भिंतीला टेकून पोती, तव्यागत काळी कढई, वाळत घातलेला कांदा, वर निळ्या कोटातला फोटो. आत्याबाईंनी पाणी दिलं, तिघी प्याल्या. त्यातली एक सारखी म्हणत हुती, आम्ही हे असलं काही मानत नाही हं, अजिबात मानत नाही. दोनदा म्हणली तवर ठीक हुतं. पुन्हा पुन्हा म्हणायला लागली तवा मला तिचाबी राग आला. मानत न्हाईस तर आमटी खा की, सांगतीस कशाला. चष्म्यावालीनं काय म्हणलं न्हाय. कढईपाशी बसली, कांदा हातात घेऊन बघितला, आन माझा फोन नंबर घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर मैत्रिणीच्या दिरानं ह्यांच्याकडनं टेंपोची चावी मागून घेतली. कारण सांगितलं न्हाय. हे घरी आले आन दारातच बसून राहिले. मला वाटलं आता मला बोलतील, मी मनात उत्तरं जुळवून ठेवली हुती. ते म्हणले, "पाटा धुतला हुता का गं त्यांनी, फोटोच्या आदी?" मी म्हणलं, कुंडी नुसती सरकवली हुती. तवा आत्याबाई अशा हसल्या की त्यांना खोकला लागला.

हसलो, पण पुढले दिवस लई वाईट गेले. खरंच गेले. हे बारामतीच्या एमआयडीसीत कंत्राटावर लागले, रातपाळी. ग्रुपातल्या निम्म्या बायका तुटल्या. कुणी म्हणलं गावातलं भांडण आपल्याला कशाला. कुणी कायच म्हणलं न्हाय, निस्तं मागायचं बंद केलं, आन त्यांच्या मनात काय हुतं ते मला ठाऊक हाय. अर्धा माल पावसाळाभर घरात पडून हुता. मी दर आठ दिवसाला उन्हाची तिरीप बघून पिशव्या फिरवायची आन दात खायाची. चष्म्यावालीनं मात्र तिच्या बहिणीला सांगितलं, बहिणीनं तिच्या शाळेतल्या बाईंना, आन आता माझा मावसभाऊ चाकणला जातो येतो तो घेऊन जातो. हळूहळू संपला.

मैत्रिणीचा फोन दिवाळीच्या आदी आला. मी उचलणार न्हवते. उचलला. म्हणली कशी हायस, पोर कशी हाय. मग म्हणली, बायका मागत्यात गं, तोच पायजे म्हणत्यात, दुसरीकडनं आणला तर परत केला.  ती म्हणली, "माझ्यासाठी दे. मी कधी तुझ्या हातचं नको म्हणलं का?"

आन तेच तर हाय. तिनं कधीच नको म्हणलं न्हाय. लिंबाखाली बी न्हाय, माझ्या चुलीपाशी बी न्हाय. कुणी बघत नसलं की ती बोटं चाटून खाती.

मी म्हणलं, "देते. पण स्टिकर माझं. त्याच्यावर माझ्या आत्याबाईंचा फोटो हाय, कढईपाशी, आन खाली खालची आळी लिवलंय. तसंच चिटकवून ग्रुपात टाकायचं. झाकायचं न्हाय."

ती म्हणली, घरात इचारून सांगते.

अजून सांगितलं न्हाय. पिशव्या मी भरून ठेवल्यात तिच्या वाट्याच्या, वेगळ्या, कपाटावर. त्याच्यावर आत्याबाई बसल्यात, बेन्टेक्सची नथ घालून, तोंड वाकडं करून, कारण फोटो काढताना धुरानं त्यांना ठसका लागला हुता.